टक्के कोणाचे?

समजा, तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाने सभासदांना एकच प्रश्न विचारला : वाचनालय सकाळी जास्त वेळ उघडं असावं की संध्याकाळी? अर्जावर वयही लिहून घेतलं. ३०० उत्तरं आली. १५० जणांना सकाळ हवी, ११२ जणांना संध्याकाळ, आणि उरलेल्या ३८ जणांना कोणतीही वेळ चालेल. हे आकडे मी समजावून सांगण्यापुरते रचले आहेत. पण असा निकाल हाती आला की कार्यकारिणी काय करेल, ते उघड आहे. निम्म्या लोकांना सकाळ हवी, तर सकाळचा ठराव मंजूर.

ठरावाआधी तीच ३०० उत्तरं वयोगटानुसार मांडून पाहावीत. आडव्या ओळींत वयोगट, उभ्या रकान्यांत उत्तरं. प्रत्येक अर्ज वाचायचा आणि त्याच्या चौकटीत एक रेघ ओढायची. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी त्यांच्यावर तिरकी. अर्जावर मात्र वय आकड्यातच विचारलेलं बरं, गट नंतर पाडता येतात. गट '१८–३०' आणि '३०–४५' असे छापले, तर तीस वर्षांचा माणूस कुठे खूण करणार? काही जण इकडे करतात, काही तिकडे, आणि मग ते निस्तरता येत नाही.

मोजणी झाली की प्रत्येक आकडा त्याच्याच ओळीच्या बेरजेने भागून शंभराने गुणायचा.

| वयोगट | सकाळ | संध्याकाळ | कोणतीही | एकूण |
|---|---|---|---|---|
| १८–३० | ८ (२०%) | ३० (७५%) | २ (५%) | ४० |
| ३१–४५ | १८ (३०%) | ३६ (६०%) | ६ (१०%) | ६० |
| ४६–६० | ४० (५०%) | २८ (३५%) | १२ (१५%) | ८० |
| ६१ व पुढे | ८४ (७०%) | १८ (१५%) | १८ (१५%) | १२० |
| एकूण | १५० (५०%) | ११२ (३७%) | ३८ (१३%) | ३०० |

संध्याकाळचा रकाना वरून खाली वाचा. नुसती संख्या पाहिली तर सर्वात लहान गटातले ३० आणि ४६–६० मधले २८ जवळजवळ सारखेच. पण तरुण आहेतच ४०, त्यांतले ३० म्हणजे पाऊण गट. दुसऱ्या गटात ८० पैकी २८, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश. गट लहानमोठे असले की संख्यांची थेट तुलना फसवते. टक्केवारी प्रत्येक गटाला शंभराचा करून शेजारी उभं करते, आणि मग दिसतं की वय वाढेल तशी संध्याकाळची मागणी ७५ वरून १५ टक्क्यांवर घसरत जाते. एकूण निकालात सकाळ पुढे आली, त्याचं मोठं कारण म्हणजे उत्तर देणाऱ्यांत १२० जण साठी ओलांडलेले होते.

इथे सर्वात जास्त होणारी गल्लत भागाकाराची आहे. तेच ३० ओळीच्या ४० ने न भागता रकान्याच्या ११२ ने भागले, तर २७ टक्के येतात. तेही खरं आहे, पण प्रश्न वेगळा : संध्याकाळ मागणाऱ्यांत तरुण किती? त्यावरून 'फक्त २७ टक्के तरुणांना संध्याकाळ हवी' असं छापणं साफ चूक. छापील तक्ता कोणत्या दिशेचा आहे हे ओळखायला सोपी खूण आहे. बेरीज जिकडे शंभर होते, टक्केवारी तिकडची. दशांश सोडल्यामुळे बेरीज ९९ किंवा १०१ झाली तर घाबरू नये.

संगणकावर हेच काम एक्सेलच्या PivotTable मध्ये होतं. Rows मध्ये वयोगट, Columns मध्ये उत्तर, Values मध्ये अर्जाचा क्रमांक. मग Show Values As मधून % of Row Total निवडायचं. पण क्रमांक हा आकडा असल्यामुळे एक्सेल आपणहून मोजणीऐवजी बेरीज करतं. अर्जांना १ ते ३०० क्रमांक असतील, तर कोपऱ्यात ३०० ऐवजी ४५१५० दिसतं. टक्केवारी तेव्हाही शंभरच भरते, म्हणून आधी संख्या तपासायची आणि Sum बदलून Count करायचं.

टक्केवारीशेजारी संख्या छापायलाच हवी, त्याचं कारणही याच तक्त्यात आहे. तरुणांच्या ओळीत एका माणसाने मत बदललं तर अडीच टक्के हलतात. ज्येष्ठांच्या ओळीत एक टक्काही हलत नाही. गटात आठच जण असते तर एकाच मताने साडेबारा टक्क्यांची उडी मारली असती. अशा वेळी शेजारचा गट जोडून घेणं किंवा टक्केवारी न देणं बरं.

आणि कोरे सोडलेले अर्ज? समजा, आणखी दहा तरुणांनी वय लिहिलं पण उत्तर दिलं नाही. त्यांना धरलं तर भाजक ५० होतो आणि ७५ टक्क्यांचे ६० होतात. दोन्ही पद्धती चालतात, पण सगळ्या ओळींना एकच लावायची आणि तक्त्याखाली लिहायचं : 'टक्केवारी आडव्या ओळीची, कोरी उत्तरं वगळून.'