पत्र मागताना काय सांगायचं?

परभणीला कृषी विद्यापीठ असल्यामुळे आपल्याकडे बी.एस्सी. कृषी झालेली मुलं पुष्कळ. त्यांच्यापैकी एकीनं मला फोन केला, "सर, नोकरीच्या अर्जासोबत जोडायला कव्हर लेटर लिहून द्या ना." कुठली नोकरी, जाहिरातीत काय म्हटलंय, तुझं शिक्षण काय, यातलं एक अक्षर नाही. "नेहमीसारखं लिहा," एवढंच.

आता नेहमीसारखं म्हणजे काय? 'मी मेहनती व प्रामाणिक असून आपल्या नामांकित कंपनीत...' यातलं नाव झाकून शेजाऱ्याचं घाला, पत्र तसंच चालतं. म्हणजे त्यात तिचं असं काहीच नाही. आणि लिहिणारा माहिती नसताना भर घालतो. 'दोन वर्षांचा अनुभव' असं सहज लिहून जातो, आणि मुलाखतीत उत्तर त्या मुलीला द्यावं लागतं!

म्हणून मी तिला चारच गोष्टी विचारल्या. पद आणि कंपनी कोणती? जाहिरातीत मागितलंय काय? त्यातलं तू प्रत्यक्ष काय केलंस, कुठे आणि किती? आणि मागितलेलं तुझ्याकडे काय नाही?

तिनं जाहिरातीचा फोटो पाठवला. बियाणे कंपनीत क्षेत्र प्रतिनिधी. शेतकऱ्यांच्या बैठका घेणं, प्रात्यक्षिकं दाखवणं, दुचाकीचा परवाना. अनुभवाचं विचारलं तर म्हणाली, "काहीच नाही." मी म्हटलं, "रावेत काय केलंस?" रावे म्हणजे पदवीतला ग्रामीण कृषी कार्यानुभव. तेव्हा कळलं, की जिंतूर तालुक्यातल्या एका गावात तिनं बावीस शेतकऱ्यांना घरच्या सोयाबीनची उगवण तपासून दाखवली होती. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवायचे, उगवलेले मोजायचे. सत्तरपेक्षा कमी निघाले तर पेरताना बियाणं वाढवायचं. अहो, हेच तर प्रात्यक्षिक! पण तिच्या लेखी तो अभ्यासक्रम होता, म्हणून तिनं सांगितलंच नाही.

मग पत्राचं मुख्य वाक्य असं झालं: 'रावे उपक्रमात मी बावीस शेतकऱ्यांसमोर सोयाबीनच्या उगवण चाचणीचं प्रात्यक्षिक केलं.' परवाना तिच्याकडे शिकाऊच होता. तोही आम्ही शिकाऊ म्हणूनच लिहिला, लपवला नाही.

आता कधी जाहिरात मिळतच नाही, कुणीतरी तोंडी सांगितलेलं असतं. तेव्हा निदान पदाचं नाव आणि रोजचं काम सांगणाऱ्याला विचारून घ्या. तेही कळलं नाही, तर पत्रात ती जागा मोकळी ठेवून घ्या, अंदाजानं भरू देऊ नका. आणि आधार क्रमांक, बँकेचं खातं पाठवत बसू नका. पत्र लिहायला ते लागत नाही.

त्या मुलीचं पत्र शेवटी दहा ओळींचं झालं. लिहायला मला पंधरा मिनिटं लागली, विचारायला अर्धा तास. पण त्यावर दुसऱ्या कुणाचं नाव घालता आलं नसतं.