मीटरला न दिसणारा खड्डा

डिप्लोमाच्या शेवटच्या सेमिस्टरमध्ये प्रोजेक्ट सबमिशनची तारीख जवळ आली की पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये अर्ज जमू लागतात. मजकूर बहुधा ठरलेला असतो : आमच्या गटाचं प्रोजेक्ट अपूर्ण आहे, तरी ऑसिलोस्कोप वापरायला जास्तीचा वेळ मिळावा ही नम्र विनंती. यात खोटं काहीच नाही. पण लॅब इन्चार्जला निर्णय घेता येईल असंही काही नाही.

इन्चार्जची बाजू विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते. लॅबमध्ये जुने सीआरओ बरेच असतात, पण सिग्नल साठवून ठेवणारे डिजिटल स्कोप, म्हणजे डीएसओ, मोजकेच. दिवसभर प्रॅक्टिकलच्या बॅचेस चालतात. त्यानंतर लॅब उघडी ठेवायची तर कुणाला तरी थांबावं लागतं. डेडस्टॉक रजिस्टरमधल्या प्रत्येक यंत्राचा हिशेब इन्चार्जला द्यावा लागतो, आणि स्कोपची प्रोब घाईगडबडीत हमखास मोडते. म्हणून ‘जास्तीचा वेळ’ हे शब्द वाचले की पुढचा प्रश्न येतोच : किती, कधी आणि नेमकं काय बघायला?

या तिन्हींचं उत्तर देणारा अर्ज कसा असतो, हे पाहण्यासाठी महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांचा एक आवडता विषय घेऊ : मोबाइलवरून चालू-बंद होणारा पंप स्टार्टर. शेतीपंपाची वीज रात्री-अपरात्री येते, अंधारात विहिरीपर्यंत जावं लागू नये म्हणून शेतकरी अशी यंत्रं वापरतात. विद्यार्थ्यांच्या यंत्रात एक आर्डुइनो बोर्ड, एक रिले आणि सिमकार्ड घालायचं छोटं जीएसएम मॉड्यूल असतं. हे मॉड्यूल बहुतेक वेळा सिम८००एल असतं. नमुन्याचा अर्ज असा :

प्रति,
मा. लॅब इन्चार्ज, इलेक्ट्रॉनिक्स विभाग
मार्फत : प्रोजेक्ट गाइड

विषय : प्रोजेक्टच्या चाचणीसाठी डीएसओ दोन वेळा मिळण्याबाबत.

आदरणीय मॅडम,
सविनय विनंती की, आमच्या गटाचा मोबाइल पंप स्टार्टर जोडून झाला आहे. मात्र कॉल आल्यावर जीएसएम मॉड्यूल अधूनमधून बंद पडून पुन्हा सुरू होते. कॉल चालू असताना मॉड्यूलच्या पिनवर मल्टीमीटर ३.९ व्होल्ट दाखवतो. मॉड्यूलला किमान ३.४ व्होल्ट लागतात, म्हणजे मीटरनुसार पुरवठा पुरेसा आहे. तरीही क्षणभर व्होल्टेज पडत असावे, अशी आम्हाला शंका आहे. डीएसओचा पहिला चॅनेल मॉड्यूलच्या पिनवर आणि दुसरा पॉवर सप्लायच्या आउटपुटवर लावून हे तपासायचे आहे.

मंगळवारी ४ ते ५ या वेळेत लॅबमध्ये प्रॅक्टिकल नाही. तेव्हा एक तास, आणि दुरुस्तीनंतर शुक्रवारी अर्धा तास मिळावा. पंपाची २३० व्होल्टची बाजू काढून ठेवू व रिलेच्या जागी एलईडी लावू. प्रोब घेताना आणि परत देताना रजिस्टरमध्ये नोंद करू.

आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी

या अर्जाचा गाभा आहे तो ३.९ आणि ३.४ या दोन आकड्यांत. मीटर ‘ठीक आहे’ म्हणतो आणि यंत्र बंद पडतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे समजलं की स्कोपचं काम आपोआप समजतं.

जीएसएम यंत्रणेत एकाच फ्रीक्वेन्सीवर आठ जणांना आळीपाळीने बोलू दिलं जातं. आठ पाळ्यांची एक फेरी ४.६१५ मिलिसेकंदांची आणि प्रत्येकाची पाळी ०.५७७ मिलिसेकंदाची. कॉल चालू असताना मॉड्यूल आपल्या पाळीपुरतं जोरात प्रक्षेपण करतं आणि उरलेल्या सात पाळ्यांत गप्प बसतं. सेकंदाला ही धडक सुमारे २१७ वेळा बसते. जुन्या मोबाइलवर फोन येण्याआधी जवळच्या रेडिओत किंवा टीव्हीच्या स्पीकरमध्ये जी गुरगुर ऐकू यायची, ती याच धडकांची होती.

पाळी आली की सिम८००एल २ अँपिअरपर्यंत करंट ओढू शकतं. विद्यार्थ्यांनी सप्लाय ४ व्होल्टवर लावलेला असतो, पण सप्लाय आणि मॉड्यूल यांच्यामध्ये बारीक जंपर वायरी आणि ब्रेडबोर्डची सैल भोकं असतात. जाणारी आणि परतीची वायर, शिवाय सगळे जोड मिळून रेझिस्टन्स ०.३ ओहम धरू. २ अँपिअर गुणिले ०.३ ओहम म्हणजे ०.६ व्होल्ट. तेवढे वायरीतच खर्च होतात आणि पाळीपुरते मॉड्यूलला ३.४ व्होल्टच मिळतात, अगदी किमान मर्यादेवर. एखादा जोड आणखी थोडा सैल असला की मॉड्यूल बंद.

मीटरला यातलं काही दिसत नाही, कारण तो सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो आणि मधल्या काळाची सरासरी दाखवतो. ०.६ व्होल्टचा खड्डा आठातल्या एका पाळीपुरताच असतो. सरासरीत तो ०.०७५ व्होल्ट होतो, आणि मीटर ३.९२ दाखवतो. अर्जातले ३.९ इथून आले. म्हणजे मीटर बिघडलेला नाही, पण त्याला विचारलेला प्रश्न त्याच्या आवाक्यातला नाही. ऑसिलोस्कोप मात्र वेळेबरोबर व्होल्टेज कसं बदलतं याचा आलेखच काढतो. आडव्या अक्षावर एका चौकटीला एक मिलिसेकंद ठेवलं की दर साडेचार चौकटींनंतर अर्ध्या चौकटीहून जरा रुंद असा खड्डा स्पष्ट दिसतो.

इथे एक बारकावा आहे आणि त्यातून डीएसओची मागणी अर्ध्यावर येऊ शकते. सलग कॉल चालू असताना हे खड्डे पुन्हा पुन्हा पडतात, त्यामुळे ते जुन्या सीआरओवरही पाहता येतात. तो लॅबमध्ये सहज मोकळा मिळतो. डीएसओ लागतो तो एकदाच घडणाऱ्या घटनेसाठी : मॉड्यूल नेटवर्कला जोडलं जाताना किंवा नेमकं बंद पडताना काय झालं ते पकडायला. त्यासाठी ट्रिगर ‘सिंगल’वर ठेवून पातळी ३.६ व्होल्ट आणि उतरती कड निवडायची. व्होल्टेज त्याखाली गेलं की स्कोप तेवढं चित्र गोठवून ठेवतो.

दोन चॅनेल का मागितले, हेही इन्चार्जच्या नजरेत भरतं. मॉड्यूलच्या पिनवर खड्डा दिसला आणि सप्लायच्या आउटपुटवर रेष सरळ राहिली, तर दोष मधल्या वायरींचा. दोन्हीकडे सारखाच खड्डा दिसला, तर सप्लायच कमी पडतो आहे. एकाच चॅनेलवर खड्डा आहे एवढं कळलं असतं, तो कुणामुळे पडला हे कळलं नसतं, आणि पुढचा आठवडा अंदाजाने भाग बदलण्यात गेला असता.

२३० व्होल्टची बाजू काढून ठेवण्याचं वाक्य शिष्टाचारापुरतं नाही. लॅबमधल्या स्कोपच्या प्रोबची काळी क्लिप आतून थेट मेन्सच्या अर्थला जोडलेली असते, आणि दोन्ही चॅनेलच्या क्लिपा एकमेकींशीही. ती चुकून फेजच्या तारेला लागली तर शॉर्टसर्किट होतं. प्रोब जळते, स्कोप जाऊ शकतो, माणसालाही इजा होऊ शकते. लो-व्होल्टेजच्या बाजूलाही दोन्ही क्लिपा सर्किटच्या ग्राउंडलाच लावायच्या, एक ग्राउंडला आणि दुसरी भलतीकडे असं करायचं नाही. हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या हाती यंत्र देताना इन्चार्जला घोर लागत नाही.

मंगळवारचा तास सुरू होण्याआधीची तयारी घरी किंवा वर्गात होऊ शकते. मॉड्यूलला `AT+CSQ` ही आज्ञा दिली की सिग्नलची ताकद ० ते ३१ या आकड्यांत कळते, आणि हा आकडा निदानात फार महत्त्वाचा आहे. टॉवर जवळ असला तर नेटवर्क मॉड्यूलला कमी ताकदीने बोलायला सांगतं. करंट कमी ओढला जातो, खड्डा उथळ राहतो. शहरातल्या कॉलेजमध्ये निमूट चालणारं यंत्र गावाकडच्या विहिरीवर बंद पडतं ते अनेकदा यामुळेच. लॅबमध्ये सिग्नल भक्कम असेल तर मॉड्यूल खिडकीपासून दूर, आतल्या कोपऱ्यात नेऊन चाचणी घ्यायला हवी, नाहीतर तासभर सरळ रेषच दिसेल आणि दोष नाही असा चुकीचा निष्कर्ष निघेल. सिमकार्डही आधीच तपासावं. हे मॉड्यूल फक्त टू-जीवर चालतं आणि जिओचं टू-जी नेटवर्क नाही, त्यामुळे ते कार्ड घालून स्कोपसमोर बसण्यात अर्थ नाही.

पहिल्या तासात वायरींचा दोष सिद्ध झाला की पुढचे तीन दिवस दुरुस्तीचे. या टप्प्यावर बहुतेक गट मॉड्यूलजवळ १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावतात आणि काम झालं असं मानतात. गणित वेगळं सांगतं. ०.३ ओहमच्या वायरी तशाच ठेवल्या तर हा कपॅसिटर ०.३ मिलिसेकंदात बराचसा रिता होतो, आणि पाळी त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब आहे. पाळी संपेपर्यंत खड्डा ०.६ वरून फार तर ०.५ व्होल्टवर येतो. खरा फरक पडतो तो ब्रेडबोर्ड काढून आखूड, जाड वायरी सोल्डर केल्याने. रेझिस्टन्स ०.१ ओहमवर आला तर नुसत्या वायरींनीच खड्डा ०.२ व्होल्टपर्यंत उतरतो. त्यावर हाच कपॅसिटर जोडला तरी पाळी संपेपर्यंतच्या खड्ड्यात फारसा फरक पडत नाही.

शुक्रवारचा अर्धा तास हे पडताळण्यासाठी आहे. सेटिंग मंगळवारचंच, प्रोबही त्याच दोन जागी आणि मॉड्यूलही त्याच कोपऱ्यात, कारण जागा बदलली तर सिग्नल बदलतो आणि दोन चित्रांची तुलना राहत नाही. दोन्ही वेळची चित्रं पेनड्राइव्हवर घेऊन प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये शेजारी शेजारी लावली, खाली `AT+CSQ` चा आकडा लिहिला, की तोंडी परीक्षेत ‘दुरुस्ती झाली कशावरून?’ या प्रश्नाला कागदावरच उत्तर असतं.

एक शक्यता मात्र अर्ज लिहितानाच मनात धरावी लागते. मॉड्यूल डोळ्यांदेखत बंद पडलं आणि दोन्ही चॅनेलवरच्या रेषा ४ व्होल्टला सरळ राहिल्या, तर पुरवठ्यावरचा संशय चुकीचा होता. मग अँटेनाचा जोड, सिमचा होल्डर आणि आर्डुइनोचा मॉड्यूलच्या रीसेट पिनला लागलेला पाय यांच्याकडे वळावं लागतं. पहिल्या चॅनेलची प्रोब त्याच तासात रीसेट पिनवर हलवली, तर हा तिसरा संशय तरी तिथेच निकालात निघतो आणि नवा अर्ज करावा लागत नाही.