अंगावर पाजणारी लेक आणि पाळणा लांबवण्याचा प्रश्न

बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक घरात असली, की “अंगावर पाजतेस तोवर काळजी नाही” हा सल्ला आपण वडीलधाऱ्यांनी हमखास दिलेला असतो. तो अर्धाच खरा आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे, त्याला रात्रंदिवस केवळ आईचेच दूध मिळावे आणि पाळी परतलेली नसावी. या तिन्ही अटी पाळल्या जात असतील तरच स्तनपानाचे संरक्षण भरवशाचे ठरते. शिवाय स्त्रीबीज पाळीच्या आधी सुटते. त्यामुळे पाळी न येताच पुन्हा दिवस राहू शकतात.

अलीकडेच एक आजी चार महिन्यांच्या नातवाला व लेकीला घेऊन आल्या. रात्री वरचे दूध सुरू झाले होते, म्हणजे दुसरी अट मोडली होती. “मला तांबी मानवली, हिलाही बसवा,” असा आजींचा आग्रह होता. प्रथम लघवीची तपासणी करून गर्भ नसल्याची खात्री केली. मग तिघांनी मिळून विचार केला.

तांबीतील तांबे शुक्रजंतूंना निकामी करते. दुधावर त्याचा परिणाम होत नाही. ‘३८० ए’ प्रकारची तांबी दहा वर्षे काम देते. मात्र पहिले काही महिने पाळीत रक्तस्राव व पोटदुखी वाढू शकते. लेकीला पूर्वीपासूनच अंगावरून जास्त जात असे आणि हिमोग्लोबिन ९ होते. म्हणून तांबी तूर्त लांबणीवर टाकली.

‘माला-एन’सारख्या रोजच्या गोळ्या स्त्रीबीज सुटू देत नाहीत, परंतु त्यांतील इस्ट्रोजेनमुळे दूध कमी होऊ शकते. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत त्या अंगावर पाजणाऱ्या आईने टाळाव्यात.

निरोध शुक्रजंतूंना आत जाऊ देत नाही आणि लैंगिक संसर्गापासूनही वाचवतो. पण तो प्रत्येक वेळी हवा. त्यावर खोबरेल तेल लावल्यास रबर कमकुवत होऊन फाटते.

अखेर ‘छाया’ ही संप्रेरकविरहित गोळी ठरली. ती दुधाला बाधत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, लेकीने रविवार व बुधवार निवडले, आणि पुढे फक्त रविवारी. सुरुवातीला निरोधची जोड दिली. या गोळीने पाळी लांबते वा कमी जाते. पंधरा दिवसांहून अधिक लांबल्यास गर्भतपासणी करावी. यकृताचा आजार किंवा नुकतीच कावीळ झालेली असल्यास ती घेऊ नये. रक्तवाढीसाठी लोहाच्या गोळ्याही सुरू केल्या.

आजी निघता निघता थबकल्या. त्यांची स्वतःची तांबी अजून आतच होती! पाळी कायमची जाऊन वर्ष झाले, की तांबी काढून घ्यावी. राहिल्यास पुढे जंतुसंसर्गाची भीती असते. आपलीही राहिली असेल, तर लेकीसोबत आपणही तपासून घ्या.