तिसरी पापणी आणि बुजलेली जखम

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि घोड्याच्या लिदीतही असतात. ‘क्लॉस्ट्रिडियम टेटानी’ या जंतूंची बीजुके कोरडेपणा, ऊन आणि साधी जंतुनाशके सोसून वर्षानुवर्षे टिकतात. तबेल्याची, गोठ्याची किंवा खत टाकलेल्या शेताची जमीन त्यांच्यापासून मुक्त करता येत नाही. घोडा रोज याच जमिनीवर उभा असतो आणि पाळीव जनावरांत या विषाला सर्वांत लवकर बळी पडतो तोही घोडाच. त्याच्या खालोखाल शेळ्या-मेंढ्या येतात. गाई-म्हशी बऱ्याच चिवट असतात आणि कुत्रा त्यांच्याहूनही चिवट.

बीजुके नुसती अंगावर किंवा पोटात असली म्हणून रोग होत नाही. त्यांना रुजायला हवेचा संपर्क नसलेली जागा लागते. टांग्याच्या घोड्याच्या खुरात गंजका खिळा शिरतो तेव्हा नेमकी अशी जागा तयार होते. खिळा दोन-तीन सेंटिमीटर आत जातो, सोबत माती आणि लीद नेतो. तो उपसून काढला की तळव्याचे छिद्र जवळजवळ मिटते, रक्त फारसे येत नाही, आणि दोन दिवस लंगडून घोडा पुन्हा चालू लागतो. आत मात्र चेंगरलेले, रक्तपुरवठा तुटलेले मांस असते. सोबत शिरलेले इतर जंतू उरलासुरला प्राणवायू संपवतात आणि बीजुके रुजतात. मोठी, उघडी, भळभळणारी जखम पाहून मालक घाबरतो, पण धनुर्वाताच्या दृष्टीने अरुंद आणि खोल जखमच अधिक घातक असते. गंजाचा यात स्वतःचा दोष नाही. गंजका खिळा मातीत पडलेला असतो, एवढेच.

जंतू जखमेतच राहतात. शरीरभर पसरते ते त्यांचे विष. ते चेतातंतूंच्या टोकांतून आत शिरते आणि तंतूंच्या आतून मज्जारज्जूकडे सरकत जाते. एक स्नायू आकुंचन पावताना त्याच्या विरुद्ध बाजूच्या स्नायूने सैल पडावे, यासाठी मज्जारज्जूत आवर घालणाऱ्या पेशी असतात. विष या पेशींचेच काम बंद पाडते. मग वाकवणारे आणि ताठ करणारे स्नायू एकाच वेळी ओढू लागतात. प्राण्याला अशक्तपणा आलेला नसतो. त्याच्या स्नायूंना सैल होताच येत नाही. या प्रवासाला वेळ लागतो, म्हणून लक्षणे बहुधा एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. तोवर खुरातले छिद्र बुजलेले असते आणि खिळ्याची गोष्ट घरात कोणाच्या लक्षातही नसते.

पहिल्या दिवशी घोडा फक्त ‘आखडल्यासारखा’ वाटतो. वळताना तो मान न वाकवता सगळे अंग एकत्र फिरवतो. मागे सरकवले तर पाय उचलत नाही. शेपूट मुळाशी थोडी वर उचललेली आणि ताठ दिसते, कान उभे राहून एकमेकांकडे ओढले जातात, नाकपुड्या फुलतात. खुराच्या आत दाह झालेला घोडाही असाच जपून पाय टाकतो, त्यामुळे येथे चूक होऊ शकते. शंका फिटते ती डोळ्याकडे पाहून.

घोड्याच्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक फिकट गुलाबी पडदा दडलेला असतो. हीच तिसरी पापणी. या पडद्याला स्वतः पुढे येण्याची ताकद जवळपास नसते. डोळ्याच्या खोबणीत बुबुळामागे एक स्नायू असतो, तो संपूर्ण डोळा मागे खेचतो. डोळा आत गेला की मागची चरबी दाबली जाते आणि तिसरी पापणी बाहेर ढकलली जाते. धनुर्वातात हा स्नायूही इतरांसारखा ताणलेला असतो. हनुवटीखाली हात घालून घोड्याचे तोंड वर उचलले, किंवा डोळ्याखाली बोटाने हलकेच टिचकी मारली, की पडदा झटकन अर्ध्या डोळ्यावर येतो आणि सावकाश मागे जातो. रोग वाढला की तो कायमच थोडा बाहेर राहतो. रक्ततपासणीत धनुर्वात सहसा सापडत नाही. निदान होते ते या पापणीवरून, अंगाच्या ताठरपणावरून आणि सापडलीच तर जखमेवरून.

पुढे दातखीळ बसते. घास तोंडात तसाच राहतो, लाळ गळते. दार आपटले, कोणी ओरडले, एकदम उजेड पडला, तरी सर्वांग झटक्याने आखडते आणि घोडा घामाने निथळतो. चारही पाय फाकवून तो लाकडी घोडीसारखा उभा राहतो. एकदा आडवा पडला की त्याला पुन्हा उभे राहणे अवघड जाते. मृत्यू बहुधा श्वासाचे स्नायू जखडल्याने येतो. उपचार करूनही निम्म्याहून अधिक घोडे दगावू शकतात.

गाई-म्हशींत जखमेची वाट बरेचदा वेगळी असते. वार अडकलेली किंवा विताना फाटलेली गाय, खच्चीकरण झालेला गोऱ्हा, नुकतीच वेसण घातलेला बैल यांच्याकडे आधी पाहावे लागते. शेळ्या-मेंढ्यांत रबरी कडी लावून केलेले खच्चीकरण किंवा शेपूट कापणे धोक्याचे, कारण कडीखालचा भाग रक्ताविना हळूहळू मरतो आणि जंतूंना हवी तशीच जागा मिळते. गाईत तिसरी पापणी घोड्याइतकी ठळक दिसेलच असे नाही. पण रवंथ बंद होते, ढेकर देता येत नसल्याने पोट फुगते आणि शेपूट ताठ होते. केवळ पोटफुगीवर इलाज होत राहिला, तर मूळ रोग निसटतो.

प्रतिविषाचा उपयोग आणि त्याची मर्यादा विषाच्या प्रवासातच दडली आहे. प्रतिविष म्हणजे विषाला घट्ट पकडून निकामी करणारी प्रतिद्रव्ये. बेरिंग आणि कितासातो यांनी 1890 मध्ये अशा रक्तद्रवाचा प्रभाव दाखवला. पुढे ती प्रतिद्रव्ये मोठ्या प्रमाणावर घोड्यांच्याच रक्तातून मिळवली जाऊ लागली. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटची 1966 मधील सुरुवातही घोड्यांच्या पैदाशीच्या व्यवसायातून झाली. प्रतिविष रक्तातले आणि जखमेभोवतीचे मोकळे विष पकडते. चेतापेशीत शिरलेले विष मात्र त्याच्या हाती लागत नाही. पापणी बाहेर आलेली दिसते तेव्हा बरेचसे विष आत पोहोचलेले असते. तिथपासून प्रतिविष पुढची भर थांबवते, झालेले उलटवत नाही.

म्हणून खिळा लागला त्याच दिवसाचे इंजेक्शन आठवडाभरानंतरच्या मोठ्या मात्रेहून मोलाचे. लस न घेतलेल्या प्रौढ घोड्याला जखमेनंतर साधारणतः 1500 आंतरराष्ट्रीय एकके दिली जातात आणि त्यांचे संरक्षण दोन-तीन आठवडे टिकते. त्याच वेळी दुसऱ्या जागी, वेगळ्या सिरिंजने लसही टोचतात, कारण लसीची प्रतिकारशक्ती तयार व्हायला निदान दोन आठवडे जातात. रोग झाल्यावरची मात्रा याच्या कित्येक पट असते आणि किती, याबद्दल पशुवैद्यकांत एकमत नाही. जखम उघडून, मेलेले मांस काढून, धुऊन तिथे हवा लागू द्यावी लागते. त्यात विष उसळून रक्तात जाऊ शकते, म्हणून प्रतिविष आधी आणि कापणी नंतर. सोबत पेनिसिलिन, स्नायू सैल करणारी औषधे, अंधारा शांत तबेला, कानांत कापसाचे बोळे, जाड पेंढा आणि तोंडाच्या उंचीवर ठेवलेले पाणी-चारा.

प्रतिविष हा परका रक्तद्रव असल्याने क्वचित तीव्र ॲलर्जी होते. घोड्यांत ते दिल्यानंतर चार ते दहा आठवड्यांनी, क्वचितच पण जीवघेणी, यकृताची सूज येऊ शकते. 1919 मध्ये दक्षिण आफ्रिकेत अरनॉल्ड थाइलर यांनी तिचे वर्णन केले. लस घेतलेल्या घोड्याला जखमेनंतर लसीची फेरमात्रा पुरते, म्हणून त्याला प्रतिविष टोचू नये.

जगलेला घोडा सावरायला चार ते सहा आठवडे घेतो, कारण बंद पडलेल्या जोडण्यांच्या जागी नव्या वाढाव्या लागतात. आधी घास गिळता येतो, मग पापणी जागेवर जाते, चाल सर्वांत शेवटी मोकळी होते. रोग घडवणारे विष इतके थोडे असते की त्याने प्रतिकारशक्ती जागत नाही. त्यामुळे धनुर्वातातून उठलेल्या घोड्यालाही लसीच्या दोन मात्रा, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, नव्याने द्याव्या लागतात.