पाच मुद्दे, एक कारण

सरपंच ताई वहीत लिहून ठेवतात: ‘पाणी दिवसाआड. मोटर दोनदा जळाली. विहीर आटली. वरच्या वस्तीला पाणी नाही. नवी मोटर द्या.’ हे जसंच्या तसं जिल्हा परिषदेला पाठवलं, तर कदाचित नवी मोटर मिळेल आणि उन्हाळ्यात तीही जळेल. असे अर्ज बहुतेकदा भाषेमुळे फसत नाहीत, मागणी चुकते म्हणून फसतात.

उदाहरणादाखल १,८०० वस्तीचं गाव धरू. निवेदन लिहिण्याआधी पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारायचं: मोटर किती वेळ चालते? तो सांगतो, ‘तासाभरात हवा ओढते. सकाळी पुन्हा तेवढंच पाणी येतं.’ म्हणजे दोष मोटरीत नाही, विहिरीला झराच कमी आहे. पाणी संपल्यावरही कोरडी फिरत राहिल्याने मोटर जळते. जलकुंभ भरायला दोन दिवस लागतात, म्हणून पाणी दिवसाआड. खालच्या गल्ल्यांतच तो रिकामा होतो, म्हणून वरची वस्ती कोरडी. याउलट, विहिरीत पाणी असूनही जलकुंभ उशिरा भरत असता, तर मोटर किंवा वाहिनीची गळती तपासावी लागली असती.

आता आकडा. जलकुंभ ५०,००० लिटरचा, म्हणजे रोज सरासरी २५,००० लिटर, माणशी सुमारे १४. जलजीवन मिशनचं माप माणशी ५५ लिटर आहे. ‘पाणी फार कमी येतं’ या तक्रारीवर वाद घालता येतो, या गणितावर घालणं अवघड. निवेदनातला मुख्य परिच्छेद असा होईल:

‘गावाची लोकसंख्या १,८०० असून योजनेच्या विहिरीतून रोज सुमारे २५,००० लिटर, म्हणजे माणशी १४ लिटर पाणी मिळते. पंप तासाभरात कोरडा पडतो व त्यामुळे मोटर दोनदा जळाली आहे. तरी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून उद्भवाची पाहणी करून उद्भव बळकटीकरणाचे अंदाजपत्रक तयार करावे, ही विनंती.’

वर विषय, खाली ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, पंपाच्या नोंदवहीची पानं आणि मोटर दुरुस्तीची बिलं जोडायची. पत्र मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे, प्रत ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना. टँकरची मागणी मात्र यात मिसळू नये. तिचा प्रस्ताव पंचायत समिती व तहसीलदारांमार्फत वेगळा जातो आणि गावात पाहणी झाल्यावरच मंजूर होतो. एकाच कागदावर दोन्ही लिहिलं, तर टँकर सुरू झाल्यावर विहिरीचा विषय निकाली निघाल्यासारखा वाटू शकतो.

पत्र दिल्यावर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढचा पाठपुरावा त्या क्रमांकावरच होतो.