टॉवर फुल्ल, नेट गुल

गोरेगावात, म्हणजे मुंबईतल्या नव्हे तर गोंदिया जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात, संध्याकाळी हे वाक्य कानावर पडतं: "टॉवर फुल्ल दाखवून राहिला, पण नेट चालून नाही राहिलं." बोलणाऱ्याचा राग रास्त आहे. पण फोन खोटं बोलत नसतो. त्या दांड्या एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतात.

4G चा टॉवर दर मिलिसेकंदाला काही ठरावीक खुणेचे संकेत हवेत सोडतो. कुणी काही मागो वा न मागो, रात्री तीन वाजताही हे चालूच असतं. फोन फक्त हे संकेत किती जोरात पोचतात ते मोजतो आणि दांड्या काढतो. हा 'जोर' तरी केवढा? अनेक फोन उणे ८५ डीबीएमच्या आसपास सगळ्या दांड्या दाखवतात. एका वॉटचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातले साधारण तीन भाग एवढीच ही शक्ती. इतक्या पुसट कुजबुजीला आपण 'फुल्ल' म्हणतो, आणि फोनला ती खरोखरच ठणठणीत ऐकू येते!

पण एसटी थांब्यावरचा दिवा लांबून स्पष्ट दिसला म्हणून गाडी येईलच असं नसतं. टॉवरपासून पुढे कंपनीच्या मुख्य यंत्रणेपर्यंत केबल किंवा मायक्रोवेव्हची वाट असते. तिथे तुमचं सिम, पॅक आणि शिल्लक डेटा तपासला जातो, फोनला पत्ता मिळतो, आणि मगच बाहेरच्या इंटरनेटचं दार उघडतं. यातलं काहीही दांड्यांना माहीत नसतं.

कॉल लागतो म्हणून नेटही असणार, हाही तर्क फसवा आहे. 4G वर आवाजासाठी वेगळी राखीव वाट असते. गर्दीत ती मोकळी ठेवली जाते आणि व्हिडिओ-फोटो ताटकळतात.

फोनला स्वतःलाही शंका येते, आणि ती फेडण्याची अँड्रॉइडची पद्धत मोठी गमतीची आहे. जोडणी होताच तो गुपचूप हा पत्ता उघडून पाहतो:

```
http://connectivitycheck.gstatic.com/generate_204
```

उत्तर कोरं यायला हवं. २०४ या आकड्याचा अर्थच 'काम झालं, द्यायला मजकूर काही नाही' असा. ती कोरी पावती आली नाही, तर अनेक फोन दांड्यांजवळ छोटं उद्गारचिन्ह काढतात. दांड्यांपेक्षा ही खूण कितीतरी जास्त सांगते, पण आपलं लक्ष तिकडे जातच नाही.

मात्र एका प्रकारात हे चिन्हही बहुधा येत नाही, आणि माझ्या मते घरोघरी सर्वांत जास्त फसवणारा प्रकार तोच. रोजचा दीड-दोन जीबी डेटा संपला की बऱ्याच पॅकमध्ये नेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. कोरी पावती चिमूटभर असते, ती येऊन जाते. पण २ एमबीचं साधं वेबपान घ्या: ते साधारण १ कोटी ६० लाख बिट होतात, सेकंदाला ६४ हजार या दराने २५० सेकंद लागतात. चार मिनिटांहून जास्त! तेवढी वाट पाहण्याआधीच ॲप हात टेकतं. व्हॉट्सॲपचा मजकूर रखडत जातो, फोटो जात नाही, ही याची ओळख. कोटा नव्याने मिळाला की सगळं आपोआप सुरळीत.

पहाटे नेट पळतं आणि रात्री आठला अडतं, तर बहुधा गर्दी. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात टॉवरची एक बाजू दर मिलिसेकंदाला जेमतेम १०० तुकडे वाटू शकते, आणि ते त्या बाजूच्या सगळ्यांत विभागले जातात. इथे विमान मोड चालू-बंद करून फारसा फरक पडत नाही. जोडणी नवी होते, वाटणी तीच राहते.

शेजाऱ्याचं त्याच कंपनीचं सिम चालतंय आणि तुमचंच नाही, तर आधी डेटा शिल्लक पाहा, मग सेटिंगमध्ये जा. एपीएन बरोबर आहे का? जिओला jionet, एअरटेलला airtelgprs.com. मग 'खाजगी डीएनएस' पाहा. जाहिराती अडवायला कुणीतरी तिथे एखादं नाव टाकून ठेवलेलं असतं. तो सर्व्हर उत्तर देईनासा झाला की फोनला एकाही संकेतस्थळाचा पत्ता सापडत नाही. तो पर्याय 'स्वयंचलित'वर आणला की नेट परततं.

आणि कधी दार मुद्दाम लावलेलं असतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये हिंसाचारानंतर अमरावती शहरात प्रशासनाने इंटरनेट बंद केलं होतं. अशा बंदीसाठी टॉवर बंद करावे लागत नाहीत. ते खुणेचे संकेत सोडत राहू शकतात, कॉलची वाटही मोकळी राहू शकते, फक्त कंपनीच्या यंत्रणेत डेटा अडवला जातो. तेव्हा ना एपीएन कामी येतो, ना फोन बंद-चालू करणं.