‘परवा’ म्हणजे नक्की कधी?

निफाड तालुक्यातल्या आमच्या द्राक्ष बागायतदारांचा एक व्हॉट्सॲप गट आहे. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत आमचे सल्लागार त्यावर तीनशेच्या आसपास निरोप टाकतात. सगळे त्यांना सर म्हणतात. सर पहाटे बागेत फिरता फिरता, कधी बोलून तर कधी अंगठ्यानं टाइप करून निरोप पाठवतात. वाक्यं अर्धीमुर्धी असतात, पण पाच-सात वर्षं गटात असलेल्यांचं त्यामुळे काही अडत नाही. अडतं ते नव्या सभासदांचं, आणि घरचा कर्ता माणूस आजारी पडल्यावर ज्यांच्या अंगावर अचानक बाग येते त्यांचं. म्हणून गेल्या हंगामाचे सगळे निरोप नीट मराठीत पुन्हा लिहून काढायचे, म्हणजे पुढच्या छाटणीला ते हाताशी राहतील, असं ठरलं. लिहिणारे तिघं होते: गावच्या शाळेतल्या बाई, कृषी पदविकेचा एक विद्यार्थी आणि पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा. निरोप गोळा करून वाटून द्यायचं काम माझ्याकडे होतं.

पहिल्या खेपेला मी प्रत्येकाला शंभर निरोप पाठवले आणि ‘सोप्या, शुद्ध भाषेत लिहा’ एवढंच सांगितलं. चूक इथेच झाली, आणि ती माझी होती. कशी झाली ते एका निरोपावरून सांगतो. सरांनी लिहिलं होतं:

“मंडळी काल रात्री पाऊस बरा झाला. १८ ते २२ दिवसाच्या बागा, घड पोपटी झालेत, परवा जीए घ्यायचं ठरलेलं ते थांबवा. दोन दिवस उघडीप बघा मग १० नं घ्या. डावणीवर लक्ष. पाणी तोडू नका.”

गटातल्या जुन्या माणसाला यात काहीच संदिग्ध वाटत नाही. ‘१८ दिवसाची बाग’ म्हणजे छाटणी होऊन १८ दिवस झालेली बाग. या सुमाराला थॉमसनचे कोवळे घड पोपटी रंगावर येतात, आणि घड लांबून मोकळा व्हावा म्हणून जीएची, म्हणजे जिबरेलिक ॲसिडची, फवारणी घेतात. ‘१० नं’ म्हणजे १० पीपीएमनं. पाणी तोडणं म्हणजे ठिबक बंद ठेवणं.

तपासायला म्हणून हा एकच निरोप मी तिघांनाही दिला होता. भाच्यानं लिहिलं, ‘१८ ते २२ दिवसांपूर्वी लागवड केलेल्या बागांमध्ये’. बाईंनी लिहिलं, ‘परवा जी फवारणी ठरली होती’, आणि वाचणाऱ्याला ती होऊन गेलेल्या परवाची गोष्ट वाटली. मराठीत ‘परवा’ पुढचाही असतो आणि मागचाही. सरांच्या मनात पुढचा होता. विद्यार्थ्याला शेतीची माहिती होती, पण त्यानं ‘१० नं’चं ‘२०० लिटरला १० ग्रॅम’ करून टाकलं. १० पीपीएम म्हणजे एका लिटरला १० मिलिग्रॅम. २०० लिटरच्या बॅरलला ते २ ग्रॅम होतात. त्याच्या वाक्याप्रमाणे केलं असतं, तर घडांवर पाचपट जीए गेलं असतं. जीए जास्त झालं की घड वेडेवाकडे होतात आणि देठ जाड होतात.

तिघांचीही वाक्यं सुबक होती आणि काळजी मला त्याचीच वाटली. मूळ निरोप अर्धवट असतो, म्हणून वाचणारा निदान फोन करून विचारतो. पुन्हा लिहिलेलं वाक्य व्याकरणात चोख असतं, त्यामुळे त्यात कुणीतरी अंदाज ठोकलाय हे कळायला मार्गच उरत नाही.

म्हणून दुसऱ्या खेपेला लिहिण्याआधीची तयारी मी नव्यानं केली. पहिलं काम होतं तारखांचं. व्हॉट्सॲपमधून चॅट एक्सपोर्ट केली की प्रत्येक निरोपापुढे तारीख आणि वेळ येते. त्यावरून ‘उद्या’, ‘परवा’, ‘येत्या सोमवारी’ असं जिथं जिथं होतं तिथं मी आधीच तारीख घातली. लिहिणाऱ्याच्या हातात ‘परवा’ जाताच कामा नये. प्रत्येक निरोपाला क्रमांक दिला आणि शेतकऱ्यांची नावं व फोन नंबर काढले. शक्य तिथं मूळ निरोपाबरोबर त्याच्या आधीचा प्रश्नही ठेवला, कारण ‘हो, चालेल’ एवढ्याच उत्तराला प्रश्नाशिवाय अर्थ नसतो.

मग एका पानाचा कागद तयार केला. त्याच्या वरच्या भागात संदर्भ लिहिला: हे निरोप कुठल्या पिकाचे, कुठल्या भागातले, कोण कुणाला सांगतंय, दिवस कुठून मोजायचे. चार-पाच वाक्यं पुरली. ‘दिवस म्हणजे गोडी छाटणीपासूनचे दिवस’ एवढ्या एका वाक्यानं भाच्याची चूक कायमची मिटली.

त्याखाली वाचक कोण, ते लिहिलं. ‘सर्वसामान्य शेतकरी’ असं लिहिण्यात अर्थ नसतो, कारण त्यावरून कुठलाच निर्णय घेता येत नाही. मी लिहिलं: ‘पहिल्यांदाच एकटीनं बाग बघणारी बाई. मराठी वाचता येतं, फवारणीची माणसं तिच्या हाताखाली आहेत, सकाळी सातला बॅरलपाशी उभी राहून फोनवर वाचतेय.’ यावरून बरंच काही आपोआप ठरलं. प्रमाण नेहमी पीपीएममध्ये आणि सोबत २०० लिटरच्या बॅरलला किती ग्रॅम, असं दोन्ही द्यायचं. हिशेब मी आधी करून सरांना दाखवायचा, लिहिणाऱ्यांनी करायचा नाही. ‘थांबवा’, ‘घेऊ नका’ असं काही असेल तर ते पहिल्या वाक्यात यायला हवं, कारण बॅरलपाशी उभं असलेलं माणूस तिसऱ्या वाक्यापर्यंत पोचेलच असं नाही.

सगळ्यात जास्त वेळ शब्दांच्या यादीनं घेतला. तीन रकाने केले: निरोपातला शब्द, आपण लिहायचा शब्द आणि कधीच लिहायचा नाही असा शब्द. तिसरा रकाना नसेल तर यादी निम्मीच उपयोगाची. डावणीचंच बघा. पुस्तकात या रोगाला केवडा म्हणतात. बाईंनी शब्दकोश बघून सगळीकडे केवडा केलं होतं, विद्यार्थ्यानं ‘डाऊनी मिल्ड्यू’, आणि भाच्यानं ‘बुरशीजन्य रोग’. शेवटचं तर घातकच, कारण भुरीही बुरशीच आहे आणि तिची औषधं वेगळी. आमच्याकडे सगळे डावणीच म्हणतात. म्हणून यादीत ‘डावणी’ हाच शब्द ठेवला, आणि केवडा व बुरशीजन्य रोग हे दोन्ही तिसऱ्या रकान्यात गेले.

औषधांच्या नावांबाबत मी जास्तच कडक राहिलो, आणि त्याला कारण आहे. २०१० साली भारतातल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, ते क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे अंश सापडल्यामुळे. बागेतला माणूस त्याच औषधाला सीसीसी म्हणतो. एकाच गोष्टीची दोन नावं आणि ती एक आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक नाही, यातून नुकसान होऊ शकतं. म्हणून नियम असा केला की औषधाचं नाव निरोपात आहे तेच ठेवायचं आणि लगेच पुढे त्यातल्या घटकाचं नाव द्यायचं, प्रत्येक वेळी त्याच स्पेलिंगनं. ब्रँड बदलून दुसरा सुचवायचा नाही.

यादी मात्र फुगू दिली नाही. माझा पहिला मसुदा ७० शब्दांचा होता आणि तो कुणी वाचलाच नाही. ‘ठिबक’, ‘वेल’ यांवर तिघांचा गोंधळ होणारच नव्हता. जिथं दोन माणसं दोन शब्द लिहितील तेवढेच ठेवल्यावर २४ शब्द उरले.

राहिला सूर. ‘आपुलकीचा पण नेमका’ असं लिहून बघितलं, पण त्याचा अर्थ तिघांनी तीन तऱ्हांनी लावला. मग विशेषणं काढून नमुनेच दिले. ‘फवारणी करण्यात यावी’ नको, ‘फवारणी घ्या’ लिहा. वाचकाला ‘तुम्ही’, ‘आपण’ नको. सरांचं ‘मंडळी’ ठेवायचं, कारण त्या एका शब्दात त्यांचा आवाज आहे, पण प्रत्येक निरोपात नाही, दिवसाच्या पहिल्याच. ‘बरा पाऊस’चं ‘समाधानकारक पर्जन्यमान’ करायचं नाही. वरच्या निरोपाचं मूळ रूप आणि आम्हाला हवं होतं ते रूप शेजारी शेजारी छापलं:

“मंडळी, जीएची फवारणी सध्या थांबवा. काल रात्री बरा पाऊस झाला आहे. छाटणीला १८ ते २२ दिवस झालेल्या आणि घड पोपटी झालेल्या बागांत ती २ नोव्हेंबरला ठरली होती. दोन दिवस उघडीप मिळाली, की मग १० पीपीएमनं घ्या (२०० लिटरला २ ग्रॅम). डावणीवर लक्ष ठेवा. पाणी चालू ठेवा.”

(हे प्रमाण त्या बागांचं आणि त्या दिवसाचं. कुणी इथून उचलून वापरू नये.)

कागदाच्या शेवटी एक ओळ मोठ्या अक्षरात होती: ‘कळलं नाही तर अंदाज करू नका, तिथं प्रश्नचिन्ह टाका.’ ही सवलत उघड शब्दांत द्यावी लागते. प्रश्नचिन्ह टाकलं म्हणजे काम अपुरं राहिलं, असं भल्याभल्यांना वाटतं.

मग तेच दहा निरोप तिघांना दिले आणि तीनही रूपं एकाखाली एक लावून वाचली. जिथं फरक दिसला तिथं कोण बरोबर आणि कोण चूक हे न बघता कागदात काय लिहायचं राहिलं ते बघितलं. ‘पाणी तोडू नका’चं दोघांनी ‘पाणी चालू ठेवा’ केलं होतं, एकीनं मूळचंच ठेवलं होतं. अर्थ तोच, पण तीनशे निरोपांत दोन्ही आले तर वाचणाऱ्याला वाटेल की दोन वेगळ्या सूचना आहेत. यादीत एक ओळ वाढली. दुसऱ्या चाचणीत फरक दोनच उरले, तेव्हा काम सुरू केलं, एका वेळी २५ निरोपांचं. आधी शंभर दिले होते तेव्हा साठाव्या निरोपापाशी कागद विसरून जो तो आपल्या सवयीनं लिहू लागला होता, हे मला उशिरा कळलं होतं.

कागद मध्येच बदलला तर त्यावर नवी तारीख टाकायची आणि मागचे निरोपही नव्या नियमानं तपासायचे, हे कंटाळवाणं काम मी दोनदा केलं. एकदा ‘विरळणी’ आणि ‘थिनिंग’ यांतलं एक ठरवताना ८० निरोप मागे जावं लागलं. तपासणीची माझी पद्धत साधी होती. मूळ निरोपातले सगळे आकडे आणि सगळे ‘नको’, ‘नका’, ‘थांबा’ पेन्सिलीनं गोल करायचे आणि नव्या निरोपात ते एकेक करून शोधायचे. ‘पाणी तोडू नका’चं ‘पाणी चालू ठेवा’ होतं तशी नकाराची वाक्यं होकारात गेलेली असतात, तिथं अर्थ उलटा झालेला नाही ना हे मुद्दाम बघायचं. वाक्य कितीही गोड झालेलं असो, एखादा आकडा कमी भरला की निरोप परत.

एवढं करूनही जे मुळातच सांगितलेलं नाही ते कागदातून उगवत नाही. क्रमांक १४३ च्या निरोपात सरांनी एवढंच लिहिलं होतं: ‘कालचंच परत घ्या, थोडं कमी.’ काल दोन फवारण्या झाल्या होत्या. बाईंनी प्रश्नचिन्ह टाकलं. मी सरांना फोन केला. त्यांनी तारीख विचारली, आपली डायरी उघडली, बराच वेळ पानं चाळली आणि म्हणाले, “आता मलाही सांगता येत नाही. तो निरोप काढूनच टाका.”

आमच्या फाइलमध्ये १४२ नंतर १४४ आहे.